कालही हलत होतं

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोहल्ल्यात कुणाच्या खात्याचं काही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात एक तरुण आला आणि विचारू लागला, "चाचा, एटीएमवर चोरांनी लावलेलं यंत्र सापडलं, असं बँकेनं कळवलंय. मी त्या दिवशी तिथे गेलोच नव्हतो. मग मी निश्चिंत राहू ना?" मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी गेला नव्हतास, हे ठीक. आदल्या दिवशी गेला होतास का?" तो गोंधळला. हा प्रश्न मला कुणी शिकवलेला नाही. तो मला एका चुकीतून सुचला, आणि ती चूक माझी होती.

गोष्ट २०१७ सालची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत अधिकारी होतो. शाखेच्या दारालाच लागून आमचं एटीएम होतं. त्यात पैसे भरायचं काम एजन्सीकडे नव्हतं, आम्हीच करायचो. एक किल्ली रोखपालाकडे, एक माझ्याकडे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. गणपतीसाठी मुंबईहून चाकरमानी आलेले, आणि शनिवारी २ सप्टेंबरला बकरी ईद. संध्याकाळी मशीनसमोर रस्त्यापर्यंत रांग लागायची. रांगेत निम्मी कार्डं परक्या बँकांची. आता वाटतं, चोरांनी गाव आणि आठवडा दोन्ही विचार करून निवडलं होतं.

बुधवारी, ३० ऑगस्टला, इशाची नमाज आटोपून मी घरी आलो होतो. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी आमच्या रखवालदाराचा फोन आला. "साहेब, मिस्त्रीचाचा आलेत. म्हणतात, मशीनच्या तोंडाचा तुकडा सुटा आहे."

मिस्त्रीचाचा म्हणजे गावात स्टोव्ह, कुलपं, रेडिओ दुरुस्त करणारे सत्तरीचे गृहस्थ. बकऱ्याचा बयाणा द्यायचा म्हणून ते पैसे काढायला आले होते. कार्ड आत घालण्याआधी सवयीने त्यांनी तोंडावर बोट दाबलं, तर प्लॅस्टिक किंचित सरकलं. दुसरा कुणी असता तर त्याने कार्ड घालून पैसे घेतले असते. चाचांनी कार्ड खिशात ठेवलं आणि रखवालदाराला हाक मारली.

मी फोनवर सांगितलं, कुणीही हात लावू नका, तो तुकडा उपटू नका, आणि मेन स्विच बंद करू नका. शटर अर्धं ओढून बाहेर उभे राहा. स्विचचं यासाठी, की वीज गेली तर मशीनच्या आतला कॅमेरा आणि नोंदी दोन्ही थांबतात, आणि पुढे विचारायला तेच दोन साक्षीदार असतात. असली टोळी बहुधा जवळपासच असते. आपला माल उघडा पडला हे दिसलं की ते सरकतात, क्वचित अंगावरही येतात. म्हणून रखवालदाराला एकटं आत थांबू दिलं नाही.

पोहोचल्यावर आधी मशीन पाहिलं. पडदा नेहमीसारखा, मशीन चालू. दहा मिनिटांपूर्वीच एकाने त्यातून पाच हजार नेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की असं यंत्र लावलं की मशीन अडखळतं, कार्ड अडकतं. तसं काही होत नाही. मशीनला आपल्या तोंडावर काही चिकटवलंय हे कळतच नाही. पैसे बरोबर येतात, पावती बरोबर येते. नंतर रोखपालाला बोलावून पेट्या मोजल्या, एका नोटेचाही फरक नव्हता. चोरी मशीनमधल्या पैशांची नव्हतीच.

फरक दिसला तो दिव्यात. कार्ड घालायच्या जागेभोवती हिरवा दिवा लुकलुकतो, तो त्या दिवशी मंद आणि एका बाजूनेच दिसत होता. वर बसवलेला तुकडा त्याच रंगाचा, त्याच घडणीचा, पण जेमतेम अर्धा इंच पुढे आलेला. कार्ड त्यातून सरकत आत जाई आणि जाता जाता मागच्या काळ्या पट्टीवरचं सगळं त्या तुकड्यात उतरे: कार्डाचा नंबर, मुदत, आणि मशीनला लागणारे आणखी काही आकडे. पिन त्या पट्टीवर नसतो. तो मिळवायला दुसरी वस्तू लागते. म्हणून एक तुकडा सापडला की जोडीचा शोधायचाच. आम्ही बॅटरी मारून पाहिलं. आकड्यांच्या बटणांच्या वर, पडद्याच्या खालच्या कडेला, वीतभर लांबीची राखाडी पट्टी चिकटवलेली होती. तिच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यामागे कॅमेरा. पिन टाकताना दुसऱ्या हाताने झाकायला सांगतात ते या भोकासाठी. हात झाकला तर चोराला कार्डाची नक्कल करता येते, पण त्या नकलेने एटीएममधून पैसे निघत नाहीत.

ज्यांच्याकडे तेव्हा चिपचं कार्ड होतं त्यांनाही मोकळीक नव्हती. चिपच्या कार्डाच्या पाठीवरही ती काळी पट्टी होतीच, आणि देशातली सगळी मशीनं त्या काळी चिप वाचत नव्हती. नुसत्या पट्टीची नक्कल अशा जुन्या मशीनवर चालून जायची.

पोलिसांना कळवलं. ते येईपर्यंत मी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर फोटो काढत, वेळा लिहीत होतो. मिस्त्रीचाचा बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "कालही हलत होतं हो. मला वाटलं, मशीन जुनं झालं."

मी हूं म्हटलं आणि लिहीत राहिलो.

पंचनामा झाला. दोन्ही तुकडे पोलिसांनी कागदी पाकिटात घालून मोहोर लावली. दहाच्या सुमाराला मुख्य कार्यालयातल्या फसवणूक कक्षाचा फोन आला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. यंत्र कधी सापडलं? मी सांगितलं, रात्री नऊ वीसला. मशीनची स्थिती काय? चालू होतं, आता सेवेबाहेर केलंय, वीज सुरू आहे. तिसरा प्रश्न होता: मशीन स्वच्छ होतं असं तुम्ही खात्रीने म्हणू शकता अशी शेवटची वेळ कोणती?

मी म्हणालो, "आज दुपारी चार चाळीस. आम्ही पैसे भरले तेव्हा."

आमच्या रजिस्टरात तसा रकानाच होता. पैसे भरल्यावर 'मशीन बाहेरून तपासले' या मथळ्याखाली 'ठीक' लिहून सही करायची. त्या दिवशीही माझी सही होती. आदल्या दिवशीही होती, त्याच्या आदल्या दिवशीही. पण खरं सांगायचं तर त्या रकान्यात सही करताना मी मशीनच्या तोंडाकडे कधीच पाहिलं नव्हतं. पैसे मागच्या दाराने भरतात. आम्ही मागून यायचो, मागून जायचो. फोनवर मी रजिस्टरात जे लिहिलं होतं ते सांगितलं, जे पाहिलं होतं ते नाही. आणि चाचांचं वाक्य सांगायचं राहिलं म्हणणंही खोटं होईल. मला ते आठवत होतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, म्हणून सोडून दिलं.

पुढचं काम यादीचं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये संध्याकाळी टोपी आणि खांद्यावर बॅग असलेला एक माणूस मशीनला अगदी चिकटून उभा राहिलेला दिसला. पैसे न काढताच तो गेला. रेकॉर्डिंगवर वेळ होती ६ वाजून ५० मिनिटं. पण त्याच रेकॉर्डिंगवर आमचं पैसे भरणं ४ वाजून ५९ मिनिटांनी दिसत होतं, आणि मशीनच्या स्वतःच्या नोंदीत तेच ४ वाजून ४० मिनिटांनी. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ एकोणीस मिनिटं पुढे होतं, आणि यंत्र खरं लागलं ते ६ वाजून ३१ मिनिटांनी. कॅमेऱ्याच्या वेळेवर विसंबलो असतो तर मधल्या एकोणीस मिनिटांतली माणसं यादीतून गळाली असती.

यादीची दुसरी गफलत रोखपालाने वाचवली. तो पोरगा हुशार होता. मी म्हटलं, "पैसे काढलेल्यांची यादी घे." त्याने घेतली, एकसष्ट व्यवहार निघाले. मग तोच म्हणाला, "सर, पण ज्यांचे पैसे निघाले नाहीत त्यांचं काय?" खरंच की. कुणी शिल्लक पाहून गेलं, कुणाचा पिन चुकला, कुणी रक्कम बदलायची म्हणून रद्द केलं. पैसे निघोत न निघोत, कार्ड तर त्या तोंडातून गेलंच. मशीनच्या नोंदीत CARD INSERTED असं जिथे जिथे आलं होतं ते सगळं मोजलं तेव्हा आकडा एकोणऐंशीवर गेला. एकच कार्ड दोनदा-तीनदा आलेलं वगळून सहासष्ट कार्डं. त्यातली अडतीस आमच्या बँकेची, अठ्ठावीस इतरांची. ज्याला 'तुमचा व्यवहार अयशस्वी' अशी पावती मिळाली त्याला वाटतं आपला संबंध नाही. त्याचा तेवढाच संबंध असतो.

आमची अडतीस कार्डं साडेअकराच्या आत बंद झाली. इतर बँकांना त्यांच्या यादीसह कळवलं गेलं. त्या तुकड्यात आठवणीची चिप होती आणि तुकडा तर पोलिसांच्या पाकिटात होता, मग कार्डं बंद कशाला, असा प्रश्न कुणीतरी विचारलाच. पण काही यंत्रं साठवलेलं जवळच्या मोबाईलवर पाठवूही शकतात, आणि हे त्यातलं होतं की नाही ते तपासणीशिवाय कळणार नव्हतं. तोवर सगळी कार्डं गेली असंच धरावं लागतं. ईदच्या तोंडावर अडतीस घरांची कार्डं बंद करणं मला जड जात होतं, पण त्याबद्दल मनात शंका नव्हती.

मी एक वाजता झोपायला गेलो. झोप लागली नाही. फज्रला मस्जिदीत मिस्त्रीचाचा पुढच्या सफेत दिसले, आणि नमाजभर माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. बाहेर पडताना मी त्यांना गाठलं.

"चाचा, काल रात्री तुम्ही म्हणालात, कालही हलत होतं. काल म्हणजे?"

"मंगळवारी. साडेसात-आठला आलो होतो. दोन हजार काढले."

"नक्की हलत होतं?"

"बेटा, साठ वर्षं कुलपं उघडतोय. हललेलं कळतं मला."

सात वाजता मी फसवणूक कक्षाला फोन लावला. रात्रपाळीचा अधिकारी अजून तिथेच होता. मी सांगितलं की चार चाळीसची माझी वेळ धरू नका. रकान्यात सही आहे, पण मी पाहिलेलं नाही. बुधवारचंच नव्हे, आधीच्या कुठल्याच दिवसाचं पाहिलेलं नाही. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "मग मागे जावं लागेल. पूर्ण आठवडा बघा."

ज्यांना या कामाचा अनुभव नाही त्यांना वाटतं की असं यंत्र एकदा लावलं की सापडेपर्यंत तिथेच असतं. तसं फार कमी वेळा असतं. त्याची बॅटरी मोबाईलच्या बॅटरीहून पातळ, कॅमेऱ्याची तर काही तासच चालणारी. चोर गर्दीच्या वेळी लावतात, दोन-तीन तासांनी काढून नेतात, माल उतरवून घेतात, बॅटरी भरतात आणि पुन्हा आणतात. दुपारी चार चाळीसला मी खरंच समोर जाऊन पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. मशीन तेव्हा स्वच्छच होतं. माझ्या सहीचा दोष तो नव्हता. दोष असा, की त्या सहीमुळे चार चाळीसच्या मागे पाहायची कुणाला गरजच वाटली नाही.

रेकॉर्डिंग मागे नेलं. मंगळवारी, २९ तारखेला, तीच टोपी आणि तीच बॅग. घड्याळाची चूक वजा करून ६ वाजून ४० मिनिटांनी आला, ९ वाजून ५ मिनिटांनी परत येऊन दोन्ही तुकडे काढून घेऊन गेला. सोमवार, रविवार पाहिला, तिथे नव्हता. मंगळवारच्या त्या अडीच तासांत अठ्ठावन्न कार्डं मशीनमध्ये गेली होती. त्यातली चार बुधवारच्या यादीत आधीच होती. उरलेली चोपन्न मोकळी होती, आणि यांचा माल पाकिटात नव्हता, चोरांच्या हातात होता. त्यात मिस्त्रीचाचांचंही कार्ड होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बँकेची त्यातली कार्डं बंद झाली.

साडेदहाला एक खाला आल्या. नवरा गेलेला, मुलगा दुबईला. त्याने ईदसाठी आणि धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी पाठवलेले पैसे खात्यात होते. त्यांनी पासबुक भरून घेतलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बुधवारी रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी दोनदा दहा हजार, आणि १२ वाजून ६ मिनिटांनी पुन्हा दोनदा दहा हजार, दुसऱ्या राज्यातल्या मशीनवरून. कार्डाची दिवसाची मर्यादा वीस हजार. मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना काढले की दोन दिवसांची मर्यादा पंधरा मिनिटांत संपते. चोरांची ही ठरलेली वेळ असते. एसएमएस गेले होते, पण खात्याला मुलाचा जुना भारतातला नंबर जोडलेला, आणि ते सिम दुबईत त्याच्या पेटीत बंद.

मी हिशेब केला. चाचांनी ते वाक्य उच्चारलं तेव्हा पावणेदहा वाजले होते. खालांचे पैसे गेले दोन तासांनी.

त्यांना मी काय सांगितलं ते लिहितो, कारण त्यातला अर्धा भाग आजही लोकांना ठाऊक नसतो. त्याच वर्षी ६ जुलैला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं होतं. त्यानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. बँकेची हलगर्जी असेल तर कळवलं की नाही हेही पाहायचं नाही. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, तीही पैसे गेले त्याच तारखेपासून धरून. आणि ग्राहकाची चूक होती असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर.

मी त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला. त्यात कार्ड त्यांच्याकडेच आहे, मंगळवारी सात वाजता त्यांनी याच मशीनवर पैसे काढले, आणि त्या रात्री त्या गावातच होत्या, एवढं लिहिलं. वर तारखेबरोबर वेळही घातली आणि पोचपावती त्यांच्या हातात दिली. खालांनी विचारलं, "शनिवारपर्यंत येतील?" मी नाही म्हणालो. पैसे जमा झाले ११ सप्टेंबरला. त्या वर्षीची त्यांची कुर्बानी राहिली. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊकच नव्हतं की बोलण्यासारखं काही होतं. तेही मी नंतर जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा टाकला.

मंगळवारच्या यादीत आणखी दोघांच्या कार्डावर त्या रात्री हात पडला. एकाचे वीस हजार गेले, त्यांनाही ते परत मिळाले. दुसऱ्याच्या खात्यात तीनशे बारा रुपये होते, चोराला मशीनने नकार दिला. उरलेल्यांचं काही गेलं नाही. गुरुवार-शुक्रवार आम्ही काउंटरवर स्लिपने पैसे देत राहिलो, शिव्याही खाल्ल्या. गणपतीला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "माझे पैसे निघालेच नाहीत, मग माझं कार्ड का बंद केलं?" त्यांना रोखपालाने समजावलं.

बँकेच्या नोकरीबद्दल, व्याजाबद्दल आपल्यात जे बोललं जातं ते मी आयुष्यभर ऐकलं आहे, त्यावर इथे लिहीत नाही. पण चौकशीत मला एका अधिकाऱ्याने विचारलं होतं, "तुम्ही स्वतःहून सही खोटी असल्याचं का सांगितलंत? कुणाला कळलं नसतं." त्याला मी अमानत हा शब्द समजावत बसलो नाही. म्हटलं, "वेळ चुकीची होती, म्हणून यादी चुकीची होती." मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्त होती.

त्यानंतर आमच्या शाखेत रजिस्टराचा तो रकाना बदलला. 'ठीक' लिहिणं बंद झालं. समोरून जाऊन तोंडाचा तुकडा बोटाने दाबायचा, बटणांवरची कड चाचपायची, दिवा सगळीकडून लुकलुकतो का पाहायचं, मग वेळ लिहायची, आणि हे संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये पुन्हा एकदा करायचं, असं ठरलं. संध्याकाळची पाळी रखवालदाराकडे होती. त्याला कुठे कसं दाबायचं ते मिस्त्रीचाचांनी शिकवलं. नवीन कार्ड घ्यायला आले होते, तेव्हा.